किरणाकृतीचा फोटो कसा वाचावा

दहावीच्या वर्षात घराघरांतल्या मोबाईलवर एका विशिष्ट प्रकारचे फोटो फिरत असतात. वहीच्या पानावर आडवी रेघ, तिच्या मध्यावर भिंग, डावीकडे उभा बाण, त्याच्या टोकापासून निघून भिंगातून वाकलेल्या दोन-तीन रेषा आणि खाली प्रश्न: प्रतिमा कुठे मिळेल, केवढी असेल? हे फोटो विद्यार्थी एकमेकांना पाठवतात, मामाला, मावशीला, शिकवणीच्या सरांना पाठवतात. उत्तर चुकलं की दोष बहुतेक वेळा अधिक-उणे चिन्हांवर ढकलला जातो. चिन्हांचा गोंधळ होतो, हे खरंच आहे, पण तो समजून घेतला की कायमचा मिटतो. फोटोमुळे होणारी चूक वेगळी असते. ती आकडेमोडीत दिसत नाही, पडताळा घेतला तरी सापडत नाही, आणि चुकीचं उत्तर अगदी बरोबर असल्यासारखं समोर येतं.

आधी चिन्हांचं पाहू, कारण फोटोची चूक पकडायलाही तीच उपयोगी पडतात.

भिंगाच्या आकृतीतली आडवी रेघ म्हणजे मुख्य अक्ष. भिंगाच्या मधोमध या अक्षावरचा बिंदू O, म्हणजे प्रकाशीय केंद्र. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर दोन मुख्य नाभी, F₁ आणि F₂. वस्तू म्हणून काढलेल्या बाणाच्या टोकापासून असंख्य किरण निघतात, पण त्यांपैकी तिघांचा मार्ग आपल्याला आधीच ठाऊक असतो. अक्षाला समांतर जाणारा किरण बहिर्वक्र भिंगातून बाहेर पडून पलीकडच्या नाभीतून जातो. अलीकडच्या नाभीतून आलेला किरण बाहेर पडताना अक्षाला समांतर होतो. आणि O मधून जाणारा किरण न वळता सरळ जातो. यातले कोणतेही दोन किरण जिथे एकमेकांना छेदतात तिथे बाणाच्या टोकाची प्रतिमा. तिसरा किरण पडताळ्यासाठी.

आता मोजमाप. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या पुस्तकांत नववीला गोलीय आरसे आणि दहावीला भिंगे येतात, आणि दोन्हीकडे कार्टेशियन चिन्ह संकेत वापरला जातो. त्याचे नियम पाठ करण्याची गरज नाही. आलेखाच्या कागदावर आपण जे करतो तेच इथे करायचं असतं. O हा आरंभबिंदू. पडणारा प्रकाश ज्या दिशेने जातो ती दिशा धन. वस्तू डावीकडे ठेवण्याची प्रथा असल्याने प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून O च्या उजवीकडची अंतरं धन आणि डावीकडची ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. वस्तूचं अंतर u, प्रतिमेचं v आणि नाभीय अंतर f, ही सगळी O पासून मोजायची, भिंगाच्या काचेच्या कडेपासून किंवा वस्तूपासून नाही.

एक बहिर्वक्र भिंग घेऊ, नाभीय अंतर २० सेमी. बहिर्वक्र भिंगाचं f धन धरतात, कारण समांतर आलेले किरण ते पलीकडे, म्हणजे धन बाजूला, एकत्र आणतं. वस्तू ३० सेमी अंतरावर डावीकडे आहे, म्हणून u = −३०. भिंगाचं सूत्र असं:

1/v − 1/u = 1/f

यातून १/v = १/२० − १/३० = १/६०. म्हणजे v = +६० सेमी. चिन्ह धन आहे, म्हणून प्रतिमा भिंगाच्या पलीकडे, जिथे प्रकाश खरोखर पोहोचतो तिथे आहे. ती वास्तव आहे, पडद्यावर घेता येईल. विशालन M म्हणजे प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची, आणि भिंगासाठी ते v/u एवढंच असतं. इथे ६० भागिले −३०, म्हणजे −२. दोन म्हणजे दुप्पट, आणि उणे म्हणजे उलटी.

आता तीच वस्तू त्याच भिंगाच्या जवळ, १० सेमीवर आणू. u = −१०. १/v = १/२० − १/१० = −१/२०. v = −२० सेमी. M = −२० भागिले −१० = +२. प्रतिमा पुन्हा दुप्पटच, पण आता सुलट, आणि वस्तूच्याच बाजूला. ती आभासी आहे. भिंग हातात धरून बारीक अक्षर वाचताना आपण हीच प्रतिमा पाहत असतो. भिंग एक, विशालनाचा आकडा एक, आणि तरी दोन्ही प्रतिमा पूर्ण वेगळ्या. तो फरक फक्त चिन्हाने सांगितला आहे.

या दोन उदाहरणांत एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. जी अंतरं माहीत होती त्यांनाच मी चिन्ह दिलं. v माहीत नव्हतं, म्हणून त्याला सूत्रात चिन्ह न लावता तसंच ठेवलं. ते कुठल्या बाजूला निघेल हे सूत्रच सांगतं. पुष्कळ विद्यार्थी आकृतीकडे पाहून ‘प्रतिमा डावीकडे दिसते’ म्हणून v च्या आधीही उणे लावतात, मग उत्तरात आलेल्या चिन्हाला आणखी एकदा उणे लागतं आणि सगळं उलटतं. चिन्हांच्या चुकांपैकी ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक असावी, असं मला वाटतं.

आरशाकडे वळलं की सूत्र थोडं बदलतं: 1/v + 1/u = 1/f, आणि विशालन M = −v/u. भिंगात वजाबाकी, आरशात बेरीज. भिंगात विशालनाला उणे नाही, आरशात आहे. हे पाठ करण्याऐवजी आकृतीकडे पाहावं. आरशाचा ध्रुव P हा आरंभबिंदू. पडणारा प्रकाश उजवीकडे जातो, पण आरशावर आपटून तो परत डावीकडे फिरतो. त्यामुळे वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, डावीकडे पडते. u आणि v दोन्ही ऋण, म्हणून v/u हा भागाकार धन निघतो. प्रतिमा मात्र उलटी असते. ती उलटी आहे हे सांगायला वेगळं उणे चिन्ह लागतंच. भिंगात प्रकाश पुढे निघून जातो, वस्तू आणि प्रतिमा O च्या विरुद्ध बाजूंना असतात, आणि उणे चिन्ह भागाकारातून आपोआप येतं.

अंतर्गोल आरशाची नाभी समोर, म्हणजे डावीकडे असते, म्हणून त्याचं f ऋण. समजा f = −१५ सेमी आणि वस्तू २० सेमीवर, u = −२०. मग १/v = −१/१५ + १/२० = −१/६०. v = −६०, म्हणजे आरशासमोर ६० सेमीवर. M = −(−६० भागिले −२०) = −३. प्रतिमा तिप्पट, उलटी, वास्तव. बहिर्गोल आरशाचं f धन, त्याची नाभी आरशाच्या मागे. वस्तू समोर कुठेही ठेवली तरी v धन आणि M शून्य ते एक यांच्या मध्ये, म्हणजे प्रतिमा नेहमी मागे, सुलट आणि लहान. गाडीच्या बाजूच्या आरशात मागची वाहनं लहान आणि म्हणून दूर भासतात, त्याचं कारण हेच.

फोटो परदेशी पुस्तकाचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या अनेक पुस्तकांत वास्तव वस्तूचं अंतर धन धरतात, त्याला p म्हणतात, प्रतिमेच्या अंतराला i किंवा q, आणि भिंग-आरसा दोघांसाठी एकच सूत्र वापरतात: 1/p + 1/i = 1/f, विशालन −i/p. वरचं भिंगाचं पहिलं उदाहरण या पद्धतीने सोडवलं तर p = ३०, i = ६०, विशालन −२. प्रतिमेची जागा तीच, विशालनही तेच. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. बिघडतं ते एकीचं सूत्र घेऊन त्यात दुसरीची चिन्हं घातली की. u = −३० हा आकडा अमेरिकन सूत्रात टाकला तर v = १२ सेमी निघतं, म्हणजे प्रतिमा नाभीच्याही अलीकडे. वास्तव वस्तूची बहिर्वक्र भिंगाने तयार केलेली वास्तव प्रतिमा नाभी आणि भिंग यांच्या मध्ये कधीच पडत नाही, त्यामुळे असं उत्तर आलं की पद्धतींची सरमिसळ झाली असं ओळखावं.

आता फोटो. समजा वर पाहिलेलंच भिंग, वस्तू ३० सेमीवर, ही आकृती कुणीतरी वहीत नीट काढली आहे: नाभीय अंतरासाठी ४० मिमी घेतले, म्हणजे १ मिमी = अर्धा सेमी. वस्तू O पासून ६० मिमीवर, प्रतिमा १२० मिमीवर. वस्तूचा बाण १५ मिमी उंच, प्रतिमेचा ३० मिमी. या पानाचा फोटो अगदी वरून, कॅमेरा पानाला समांतर धरून काढला, तर पडद्यावर सगळं लहान-मोठं होईल, पण प्रमाण टिकेल. O ते F₂ हे अंतर पडद्यावर कितीही आलं तरी ते २० सेमी आहे, आणि बाकीची अंतरं त्या मापाने वाचता येतात. कुणी चित्र आडवं ताणलं आणि उभं नाही, तरीही काही बिघडत नाही. आडव्या अंतरांचं गुणोत्तर आडव्यांशी आणि उभ्यांचं उभ्यांशी तसंच राहतं. म्हणूनच किरणाकृतीत उंचीसाठी वेगळं प्रमाण घेतलं तरी विशालन बरोबर निघतं.

पण फोन पानाला समांतर कोण धरतं? आपली सावली पडते म्हणून, किंवा टेबलावर जागा नसते म्हणून, तो बाजूने तिरका धरला जातो. समजा फोन डावीकडे सरकलेला आहे आणि पानाकडे साधारण ३० अंशांनी तिरका पाहतो आहे. पानाची डावी बाजू जवळ, म्हणून मोठी दिसते. उजवी दूर, म्हणून लहान. हा फोटो छापून मोजला तर O ते F₁ ४४ मिमी, O ते F₂ ३६ मिमी, वस्तूचं अंतर ७१ मिमी, प्रतिमेचं ९२ मिमी, वस्तूची उंची १८ मिमी आणि प्रतिमेची २३ मिमी, अशी मापं मिळतात.

आता विशालन काढा. अंतरांवरून ९२ भागिले ७१, म्हणजे सुमारे १.३. उंचीवरून २३ भागिले १८, म्हणजे तेही सुमारे १.३. दोन वेगवेगळ्या मापांनी एकच उत्तर आलं, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो. खरं विशालन आहे २. दोन्ही मार्गांनी चूक झाली आहे, आणि ती अगदी सारखी झाली आहे. याचं कारण O मधून सरळ गेलेल्या किरणात आहे. वस्तूचं टोक, O आणि प्रतिमेचं टोक हे तीन बिंदू एका रेषेत आहेत, आणि फोटोत सरळ रेषा सरळच राहते, फोन कितीही तिरका धरा. फोन फक्त डावीकडून पाहत असेल तर उभे बाणही एकमेकांना समांतरच राहतात. त्यामुळे O च्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण फोटोतही समरूप असतात, आणि उंचीचं गुणोत्तर अंतरांच्या गुणोत्तराएवढंच येतं. हा पडताळा तिरकेपणा पकडूच शकत नाही.

मग सूत्राने पडताळा घेऊ. u = −७१, v = +९२. १/९२ + १/७१ यातून f सुमारे ४० मिमी येतं. सूत्रही समाधानी! मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. कॅमेरा तिरका झाला की O पासूनच्या प्रत्येक अंतराच्या व्यस्तात, म्हणजे १ भागिले ते अंतर यात, एकच ठरावीक संख्या मिळवली जाते. 1/v मध्ये ती मिळते, 1/u मध्येही तीच मिळते, आणि भिंगाच्या सूत्रात त्या दोघांची वजाबाकी होते तेव्हा ती कटून जाते. गणिताच्या दृष्टीने तिरका फोटो काढणं म्हणजे भिंगापाशीच आणखी एक भिंग ठेवल्यासारखं आहे. तिरक्या फोटोत दिसते ती एक पूर्णपणे वैध किरणाकृती असते, फक्त ती आपण काढलेली नसते. तिच्यात वस्तू आणि प्रतिमा दुसऱ्याच ठिकाणी असतात.

ही चूक उघडी पाडणारी एकच जोडी आकृतीत आहे, दोन नाभींची. पातळ भिंगाच्या दोन्ही नाभी O पासून सारख्या अंतरावर असायलाच हव्यात. आपल्या फोटोत एक ४४ वर आणि दुसरी ३६ वर आहे. एवढ्यावरून फोटो तिरका आहे हे कळतं, आणि दुरुस्तीही त्यातूनच करता येते. F₁ डावीकडे, म्हणून −४४. F₂ उजवीकडे, म्हणून +३६. यांचे व्यस्त −०.०२२७ आणि +०.०२७८. फोटो सरळ असता तर हे दोन आकडे सारखे, फक्त विरुद्ध चिन्हांचे असते. दोघांची बेरीज ०.००५१, तिची निम्मी ०.००२५. हीच ती आगाऊ मिळालेली संख्या. आता प्रत्येक व्यस्तातून ती वजा करायची. प्रतिमेसाठी ०.०१०९ वजा ०.००२५, उरले ०.००८४, त्याचं व्यस्त सुमारे १२० मिमी. वस्तूसाठी −०.०१४१ वजा ०.००२५, झाले −०.०१६६, त्याचं व्यस्त सुमारे −६० मिमी. भागाकार −२. वहीतली मूळ आकृती परत मिळाली. इथे वस्तूच्या अंतराला उणे चिन्ह लावायला विसरलो असतो तर वजाबाकीऐवजी चुकीच्या बाजूला गेलो असतो. चिन्ह संकेत नसता तर ही दुरुस्ती करताच आली नसती.

एवढी आकडेमोड टाळायची असेल तर आलेखाच्या कागदावर काढलेल्या आकृतीत चौकोन मोजावेत. चौकोनही आकृतीसोबतच तिरके झालेले असतात, म्हणून मोजणी बिघडत नाही: O पासून वस्तूपर्यंत १२ घरं असली तर ती कुठूनही फोटो काढला तरी १२च असतात. फोनमधल्या कागदपत्रं स्कॅन करण्याच्या सोयीत पानाचे चार कोपरे ओढून चौकोनावर बसवता येतात, त्यानेही तिरकेपणा जातो. पण त्यासाठी पानाचे चारही कोपरे फोटोत यायला हवेत. फक्त आकृतीपुरता कापलेला फोटो आला तर नाभींवरच भिस्त.

आरशाच्या फोटोत परिस्थिती थोडी बरी असते. आरशाच्या सूत्रात 1/v आणि 1/u यांची बेरीज होते, त्यामुळे ती आगाऊ संख्या कटत नाही, उलट दोनदा मिळते. 1/f मध्ये मात्र ती एकदाच मिळते. म्हणून तिरक्या फोटोतली मापं आरशाच्या सूत्रात बसत नाहीत, आणि चूक लगेच कळते. आणखी सोपी खूण म्हणजे वक्रता केंद्र C. P ते F हे अंतर P ते C च्या निम्मं असायला हवं. फोटोत तसं नसेल तर फोटो तिरका आहे, किंवा आकृतीच चुकीची काढली आहे.

आरशाच्या आकृतीत एक दोष मात्र फोटोआधीच, वहीत असतो. आपण आरसा कंपासने मोठ्या कमानीसारखा काढतो आणि बाणही चांगला उंच काढतो, कारण तसं दिसायला स्पष्ट असतं. पण समांतर किरण नाभीतून जातो हा नियम अक्षाच्या अगदी जवळच्या किरणांसाठीच खरा आहे. १० सेमी त्रिज्येच्या आरशावर अक्षापासून ५ सेमी उंचीवर येणारा समांतर किरण परावर्तनाच्या नियमाने खरोखर वळवला, तर तो अक्षाला ध्रुवापासून सुमारे ४.२ सेमीवर छेदतो, ५ सेमीवर नाही. आपण मात्र तो नाभीतूनच काढतो. मग किरण कमानीवर जिथे आपटला तिथून रेषा काढल्यामुळे प्रतिमा जराशी सरकते. त्याच आरशासमोर १५ सेमीवर ३ सेमी उंचीचा बाण काढा. सूत्राने प्रतिमा ७.५ सेमीवर आणि विशालन −०.५ यायला हवं. समांतर किरण आणि वक्रता केंद्रातून जाणारा किरण काढून मोजलं तर प्रतिमा सुमारे ७.४ सेमीवर येते आणि उंचीवरून विशालन −०.५२, पण −v/u वरून −०.४९. इथे दोन मार्गांची उत्तरं जुळत नाहीत, आणि ते न जुळणंच सांगतं की आरशाचा वाक आणि बाणाची उंची जास्त झाली आहे. उपाय सोपा आहे: बाण लहान काढावा, आणि किरण कमानीवर न वळवता ध्रुवापाशी काढलेल्या उभ्या रेषेवर वळवावेत. मग तिन्ही किरण एका बिंदूत भेटतात.

वस्तू नाभीच्या अगदी जवळ असेल तर आकृतीवरून मोजायच्या भानगडीत पडूच नये. २० सेमीच्या भिंगासमोर वस्तू २२ सेमीवर असली तर प्रतिमा २२० सेमीवर पडते, २१ सेमीवर असली तर ४२० सेमीवर. वस्तूच्या अंतरात एका सेंटीमीटरचा फरक पडला तर प्रतिमा दोन मीटर सरकते. आकृतीत हा एक सेंटीमीटर म्हणजे दोन मिलिमीटर, आणि पेन्सिलीच्या रेघेची जाडीही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. अशा आकृतीत पलीकडचे किरण जवळजवळ समांतर असतात, आणि ते कुठे छेदतात हे नजरेने ठरवणं व्यर्थ आहे. उलट वस्तू नाभीपासून चांगली लांब असेल तर तेवढीच चूक फारशी जाणवत नाही.

फोटोतल्या आणखी दोन गोष्टींबद्दल सावध राहावं. पहिली म्हणजे तुटक रेषा. आभासी प्रतिमेच्या आकृतीत बाहेर पडलेले किरण पसरत जातात, ते कुठेच भेटत नाहीत. त्यांना मागे तुटक रेषांनी वाढवलं की प्रतिमा मिळते. फोटो काळा-पांढरा आणि स्वच्छ करणाऱ्या सोयी फिक्या पेन्सिलीच्या या रेषा सर्रास पुसून टाकतात. मग फोटोत पसरणारे किरण आणि डावीकडे एक मोठा बाण एवढंच उरतं, आणि तो बाण वस्तूचा की प्रतिमेचा हे समजत नाही. अशा वेळी समांतर किरण कोणत्या बाणाच्या टोकापासून ठळक रेषेने निघतो ते पाहावं, तीच वस्तू.

दुसरी गोष्ट दिशेची. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो डावा-उजवा उलटा करून ठेवतात, तर कधी पान उलट्या बाजूने धरून फोटो काढलेला असतो. अक्षरं उलटी दिसली की पहिली गोष्ट लगेच कळते. दोन्ही प्रसंगी वस्तू उजवीकडे येते आणि उजवी बाजू धन हा नियम घोकलेला विद्यार्थी अडतो. नियम उजव्या बाजूचा नव्हताच, प्रकाशाच्या दिशेचा होता. प्रकाश उजवीकडून डावीकडे जात असेल तर डावीकडची अंतरं धन धरावीत, किंवा सरळ फोटो फिरवून घ्यावा. विशालनाला तर या कशानेच फरक पडत नाही: पान उलटं धरल्यावर दोन्ही बाणांची दिशा एकदमच बदलते, आणि त्यांच्या उंचीचा भागाकार चिन्हासकट तसाच राहतो.

किरणाकृती कुणाला पाठवायची असेल तर फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरा, पानाचे चारही कोपरे येऊ द्या, आणि दोन्ही नाभी ठळक बिंदूंनी दाखवा. आणि असा फोटो तुमच्याकडे आला तर सूत्राला हात लावण्याआधी O पासून F₁ आणि F₂ ही दोन अंतरं मोजा. ती सारखी नसतील तर त्या फोटोतल्या बाकी कुठल्याही मापावर, कितीही जुळलं तरी, विश्वास ठेवू नका.